पगारवाढ आणि प्रमोशन: दोन्हींचा डबा एकच ठेवा, आणि निकालाआधी भरा



मागच्या व्हिडिओत मी एक वाक्य बोलून गेलो, "एप्रिलची पगारवाढ जानेवारीत ठरवा." त्यावर बऱ्याच जणांनी एकच प्रश्न विचारला. "सर, कोणी कसं काम केलं हे मार्चमध्ये बघणार, मग किती वाढ द्यायची हे जानेवारीत कसं ठरणार?"

प्रश्न बरोबर आहे. व्हिडिओत मी तो नीट सोडवला नाही, म्हणून इथे सविस्तर लिहितो. माझं मत आधीच सांगून टाकतो. कोणाला किती द्यायचं हे कामावरून ठरतं, पण सगळ्यांना मिळून किती द्यायचं हे कामावरून ठरत नाही. ते दुकानाच्या कमाईवरून ठरतं. म्हणून एकूण आकडा अप्रेझलच्या आधी ठरवायचा, आणि त्याच आकड्यात प्रमोशनचे पैसेही धरायचे. मोठ्या कंपन्यांत याला इन्क्रिमेंट पूल म्हणतात. मी सरळ "डबा" म्हणतो. आपल्या आया किराण्याचा डबा वेगळा आणि दुधाचा वेगळा ठेवायच्या ना, तसाच हा पगारवाढीचा डबा.

मी हे कसं शिकलो

बीबीएला असताना हे एका तासात शिकवलं होतं. मी वहीत उतरवलं आणि विसरलो. दुकानात आल्यावर मात्र किंमत मोजून शिकलो.

चार वर्षांपूर्वीची गोष्ट. तेव्हा दुकानात सहा माणसं होती आणि महिन्याचा पगार 92 हजार. मार्चअखेर मी एकेकाला केबिनमध्ये बोलावलं. समोर माणूस बसला की त्याचं वर्षभराचं काम आठवतं, घरची परिस्थिती आठवते. एकाला दोन हजार, दुसऱ्याला दीड हजार, तिसऱ्याचं लग्न ठरलं होतं म्हणून अडीच. प्रत्येक आकडा वेगळा पाहिला तर योग्यच होता. बेरीज मात्र मी केली नाही. ती साडेदहा हजार होती, म्हणजे अकरा टक्क्यांच्या वर. त्या वर्षी दुकानाचा ग्रॉस नफा वाढला होता पाच टक्क्यांच्या आसपास.

इथवर निभावलं असतं. पण काउंटरवर एक ताई होत्या, पाच वर्षं माझ्याकडे. पाडव्याच्या दिवशी मी त्यांना सगळ्यांसमोर म्हणालो होतो, "ताई, यंदा तुम्ही फ्लोअर इनचार्ज." माझ्या डोक्यात प्रमोशन हा वेगळा विषय होता. वाढ एप्रिलमध्ये देऊ आणि प्रमोशनचं जून-जुलैमध्ये बघू, असा विचार. जुलैमध्ये त्यांनी विचारलं तेव्हा मी पहिल्यांदा कॅल्क्युलेटर घेतला. पदाचे चार हजार धरले तर एकूण वाढ सोळा टक्क्यांच्या जवळ जात होती. पैसे नव्हते. मी म्हणालो, "दिवाळी होऊ दे ताई, मग नक्की."

सप्टेंबरमध्ये त्या मेन रोडवरच्या मोठ्या शोरूमला गेल्या. दिवाळी तोंडावर असताना. जाताना एवढंच म्हणाल्या, "दादा, एप्रिलमध्येच तुम्ही नाही म्हणाला असतात तर मी थांबले असते. हो म्हणून ठेवलंत, त्याचं वाईट वाटलं."

मित्रांनो, यात एक गोष्ट लक्षात घ्या. प्रमोशनचे पैसे त्या वर्षी होते. साडेदहा हजारांतच होते. मी ते एप्रिलमध्ये बाकीच्यांना वाटून टाकले, कारण माझ्या हिशोबात ती दोन वेगळी खाती होती. प्रत्यक्षात गल्ला एकच होता.

डबा किती मोठा? माझ्या दुकानाचा हिशोब

आता आजचं उदाहरण घेऊ. माझं भांडी आणि घरगुती उपकरणांचं दुकान आहे. समजायला सोपं जावं म्हणून आकडे गोल केलेत.

नऊ माणसं आहेत. मॅनेजर 32 हजार, अकाउंटंट 24, काउंटरवरचा जुना माणूस 20, काउंटरवरचे आणखी दोघे प्रत्येकी 16, नवीन मुलगा 14, गोडाऊन सांभाळणारा 17, डिलिव्हरीवाला 16 आणि त्याचा हेल्पर 15. महिन्याची बेरीज 1 लाख 70 हजार.

वर्षाचा खर्च काढताना बाराने गुणू नका. मी दिवाळीला एक पगार बोनस देतो, म्हणून माझ्याकडे वर्ष तेरा पगारांचं. 1 लाख 70 हजार गुणिले 13, म्हणजे 22 लाख 10 हजार. एप्रिलमध्ये कोणाला शंभर रुपये वाढवले तर वर्षाला बाराशे नाही, तेराशे जातात.

आता दुसरी बाजू. गेल्या वर्षी माझा ग्रॉस नफा 55 लाख होता. ग्रॉस नफा म्हणजे विक्रीतून मालाची खरेदी वजा केल्यावर जे उरतं ते. भाडं, लाइट, पगार, व्याज, माझं घर, सगळं यातूनच. पगाराचा वाटा झाला 40 टक्के. हा वाटा माझ्या दुकानाला झेपतो, हे मला गेल्या काही वर्षांच्या वहीवरून माहीत आहे. तुमचा वाटा वेगळा असेल. सलूनमध्ये तो बराच जास्त असतो, किराण्याच्या होलसेलमध्ये कमी. तीन वर्षांचे आकडे काढा, तुमचा वाटा तुम्हाला दिसेल.

पुढच्या वर्षी ग्रॉस नफा आठ टक्के वाढेल असं मी धरलं. हा अंदाज मनातला नाही. मागच्या तीन वर्षांच्या वाढीतला सगळ्यात कमी आकडा मी घेतो, कारण पगार एकदा वाढवला की खाली आणता येत नाही. 55 लाखांवर आठ टक्के म्हणजे 59 लाख 40 हजार. त्याचे 40 टक्के 23 लाख 76 हजार. आजचा खर्च 22 लाख 10 हजार. मधला फरक 1 लाख 66 हजार.

याला तेराने भागलं की महिन्याला साधारण 12,700 रुपये येतात. हा झाला डबा. माझ्या पगारबिलाच्या साडेसात टक्के.

वर्तमानपत्रात दरवर्षी बातमी येते की यंदा कंपन्या सरासरी नऊ-साडेनऊ टक्के वाढ देणार. तो आकडा मोठ्या कंपन्यांच्या सर्व्हेतला असतो. तुमच्या माणसांनी तो वाचलेला असेल, म्हणून तुम्हाला माहीत असू द्या. पण डबा त्यावरून भरू नका. तुमच्या गल्ल्यात काय येणार, हे त्या सर्व्हेला माहीत नाही.

अजून एक तपासणी करा. आमची मोठी रोकड धनत्रयोदशीला येते. वाढ मात्र एप्रिलपासून जाते. एप्रिल ते ऑक्टोबर सात महिने, 12,700 प्रमाणे जवळपास 89 हजार रुपये दिवाळीची कमाई हातात येण्याआधीच गेलेले असतात. लग्नसराईच्या विक्रीतून ते निघतात का, हे मी जानेवारीतच बघतो. तुमचा सीझन कधी येतो ते बघा. वर्षाच्या बेरजेत बसणारी वाढ कधी कधी जुलै-ऑगस्टच्या रोकडीत बसत नाही.

नावं नको, खुर्च्या मोजा

डबा ठरला. आता त्यातून आधी काय काढायचं?

पहिलं, सक्तीची वाढ. महाराष्ट्रात दुकानांसाठीच्या किमान वेतनातला विशेष भत्ता वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैमध्ये बदलतो. ज्यांचा पगार त्या किमान आकड्याच्या जवळ आहे, त्यांना ही रक्कम द्यावीच लागते. ती बक्षीस नाही, कायदा आहे. मी नवीन मुलासाठी 500 रुपये बाजूला ठेवले.

दुसरं, वर्षाच्या मध्यासाठी राखीव. जूनमध्ये कोणीतरी दुसऱ्या दुकानाची ऑफर घेऊन येतोच. त्यासाठी 1,200. हे कोणाला सांगायचं नाही.

राहिले 11,000.

तिसरं, प्रमोशन. इथे बहुतेक जण चुकतात, कारण प्रमोशन म्हटलं की डोळ्यासमोर माणूस येतो. जानेवारीत माणसाचा विचारच करायचा नाही. प्रश्न असा विचारायचा की पुढच्या वर्षी दुकानाला कोणती नवीन खुर्ची लागणार आहे?

माझ्याकडे दोन खुर्च्यांचा विचार होता. एक फ्लोअर इनचार्ज, कारण मॅनेजर खरेदीला बाहेर गेला की काउंटरवर निर्णय घेणारं कोणी नसतं. दुसरी स्टॉक इनचार्ज, कारण गोडाऊनमध्ये माल वाढलाय.

पहिल्या खुर्चीची किंमत मी 4,000 धरली, दुसरीची 3,000. लक्ष द्या, मी "इनचार्जचा पगार 24 हजार" असं धरलं नाही. तसं धरलं असतं तर 20 हजारवाला निवडला गेला की डब्यातून चार हजार जातात आणि 16 हजारवाला निवडला गेला की आठ हजार. माणूस ठरेपर्यंत खर्चच कळला नसता. म्हणून जबाबदारीची रक्कम ठरवायची. खुर्चीवर कोणीही बसो, चार हजार.

आता दोन्ही खुर्च्या दिल्या तर काय होतं बघा. 11,000 मधून 7,000 गेले. राहिले 4,000, आणि बाकी सात माणसांचा पगार मिळून 1 लाख 33 हजार. म्हणजे त्यांना सरासरी फक्त तीन टक्के. त्यात चांगलं काम करणाऱ्यालाही धड काही मिळत नाही.

हे मला जानेवारीत कळलं, कागदावर. चार वर्षांपूर्वी हेच जुलैमध्ये कळलं होतं, आणि तेव्हा समोर माणूस उभा होता. दोन्ही वेळी आकडे सारखेच कडू. फरक एवढाच की जानेवारीत कोणालाही शब्द दिलेला नसतो.

मी एकच खुर्ची ठेवली, फ्लोअर इनचार्ज. स्टॉकची खुर्ची पुढच्या वर्षीच्या डब्यावर पहिला हक्क म्हणून लिहून ठेवली. गोडाऊनवाल्याला फेब्रुवारीतच बोलावून सांगितलं. तो म्हणाला, "मालक, पद नको सध्या, पण मग ते रजिस्टरचं काम पण माझ्यावर टाकू नका." बरोबर बोलला. खुर्चीचे पैसे नसतील तर खुर्चीचं कामही द्यायचं नाही. "आधी करून दाखव, मग बघू" असं म्हणत वर्ष काढायचं, हे मला पटत नाही. ती उधारी आहे, आणि माणूस ती लक्षात ठेवतो.

निकाल लागल्यावर दर बदलतो, डबा नाही

मार्चमध्ये अप्रेझल झालं. फ्लोअर इनचार्ज काउंटरवरचा जुना माणूस झाला. त्याला 4,000, पगार 24 हजार. त्याला वेगळी वार्षिक वाढ नाही. हा नियम आधीच सांगायचा, नाहीतर प्रमोशनचेही घेतले आणि वाढीचेही घेतले असं होतं आणि बाकीच्यांच्या वाट्यातून ते जातं.

उरले 7,000 आणि आठ माणसं. त्यांच्या पगारांची बेरीज दीड लाख.

मी तीनच प्रती ठेवतो. उत्तम, चांगलं, आणि कमी. चांगल्याला एक वाटा, उत्तमला दीड वाटा, कमी असेल तर शून्य. यंदा अकाउंटंट आणि डिलिव्हरीवाला उत्तम ठरले. त्यांचे पगार मिळून 40 हजार, दीडने गुणले की 60 हजार. पाच जण चांगले, त्यांचे पगार मिळून 94 हजार. काउंटरवरच्या एकाचं काम कमी पडलं, तो शून्य. 60 आणि 94 मिळून 1 लाख 54 हजार.

आता 7,000 भागिले 1,54,000. साडेचार टक्के येतात. म्हणजे चांगल्याला साडेचार टक्के आणि उत्तमला त्याच्या दीडपट, 6.8 टक्के. हिशोब पडताळा: 94 हजारांचे साडेचार टक्के 4,230 आणि 40 हजारांचे 6.8 टक्के 2,720. एकूण 6,950. डब्यात बसलं.

सुरुवातीच्या प्रश्नाचं उत्तर हेच आहे. निकाल माहीत नसताना डबा ठरवता येतो, कारण निकालाने डब्याचा आकार बदलतच नाही. फक्त वाट्याचा दर बदलतो. समजा सगळ्या आठ जणांना मी उत्तम दिलं असतं तर? तर सगळ्यांना 4.67 टक्के मिळाले असते. उत्तमला 6.8 मिळाले ते कोणीतरी चांगला होता आणि एक जण कमी पडला म्हणून.

याचा एक फायदा मला नंतर कळला. पूर्वी "उत्तम म्हणजे दहा टक्के" असा ठरलेला दर होता. तेव्हा मी मार्क देताना मनात पैसे मोजायचो. महाग पडतोय असं वाटलं की चांगल्या माणसाला एक प्रत खाली ढकलायचो, आणि कारणं शोधायचो. आता मार्क खरे देता येतात, कारण मार्कांनी माझा खिसा फाटत नाही.

हीच तुमच्यासाठी खूण. मार्च महिन्यात पेन्सिल घेऊन कोणाचे तरी मार्क कमी करताना स्वतःला पकडलंत, तर समजा की तुम्ही डबा न ठरवता दर ठरवलाय.

इथे डबा एक ठेवू नका

माझं मत ठाम आहे, पण दोन जागा अशा आहेत जिथे ते लावायचं नाही.

पहिली, रिकामी झालेली खुर्ची. समजा 32 हजारांचा मॅनेजर सोडून गेला आणि तुम्ही 20 हजारवाल्याला 28 हजारांवर मॅनेजर केलं. हे आठ हजार डब्यातून काढायचे नाहीत, ते गेलेल्या मॅनेजरच्या पगारातूनच येतात. पण त्याच पगारातून काउंटरवर नवीन माणूसही आणावा लागेल, 16 हजारांचा. 8 आणि 16 मिळून 24 गेले, 8 हजार शिल्लक. ही शिल्लक लगेच डब्यात टाकून वाटू नका. सहा महिने थांबा. नवा मॅनेजर टिकला नाही तर बाहेरून माणूस आणायला तेच पैसे लागतील.

दुसरी जागा म्हणजे चुकीचा जुना पगार. तुमचा दहा वर्षांचा माणूस 15 हजारांवर आहे आणि शेजारच्या दुकानात तेच काम करणाऱ्याला 19 मिळतात. ही चूक मालकाची आहे. ती दुरुस्त करायला बाकीच्यांच्या वाढीतून पैसे काढणं योग्य नाही. त्यासाठी मालकाने स्वतःच्या वाट्यातून द्यायचे, हवं तर दोन वर्षांत. मी एकदा ते डब्यातून केलं, आणि सगळ्या दुकानाने त्या एका माणसावर राग धरला. त्याचा काही दोष नव्हता.

आणि एक प्रामाणिक अडचण. टक्क्यांनी वाटलं की मोठ्या पगाराला मोठी रक्कम जाते. वरच्या हिशोबात मॅनेजरला 1,440 आले आणि हेल्परला 675. दोघांचं काम "चांगलं"च होतं, आणि महागाई हेल्परला जास्त बोचते. तुम्हाला हे खटकत असेल तर 7,000 मधले अर्धे सगळ्यांना समान रुपयांत आणि अर्धे टक्क्यांत वाटा. ज्याची प्रत कमी आली आहे त्याला समान वाट्यात धरायचं की नाही, हेही आधीच ठरवा. डबा तेवढाच राहतो. आतली वाटणी ही तुमच्या मनाची गोष्ट आहे.

माणसं जास्त असतील तर

माझ्याकडे नऊच माणसं, म्हणून 13 ने गुणून काम भागतं. तुमच्याकडे पीएफ आणि ईएसआय लागू असेल तर शंभर रुपयांच्या वाढीवर मालकाचे पीएफचे 12 टक्के आणि वर थोडा चार्ज, ईएसआयचे 3.25 टक्के असे जोडले जातात. डबा भरताना हे आत धरा, नाहीतर साडेसात टक्क्यांचा डबा प्रत्यक्षात साडेआठला जातो.

हे लिहिताना ईएसआयची पगारमर्यादा 21 हजार आहे. प्रमोशन देऊन कोणाचा पगार 20 वरून 24 केलात, तर चालू सहामाहीची मुदत संपल्यावर तो योजनेच्या बाहेर जातो. तुमचे थोडे पैसे वाचतात, पण त्याच्या घरच्यांचा दवाखान्याचा आधार जातो. प्रमोशनचं पत्र देण्याआधी हे त्याला सांगा, आणि जमलं तर आरोग्य विम्याचा हप्ता त्या खुर्चीच्या किमतीतच धरा.

दहा किंवा जास्त माणसं असतील तर ग्रॅच्युइटी येते, आणि ती सगळ्यात लपलेली आहे. ती शेवटच्या पगारावर मोजतात: महिन्याचा पगार, गुणिले 15, भागिले 26, गुणिले नोकरीची वर्षं. म्हणजे आज दिलेली वाढ मागच्या सगळ्या वर्षांना लागू होते. बारा वर्षं जुन्या माणसाच्या मूळ पगारात 4,000 वाढवलेत, तर त्याची ग्रॅच्युइटी त्याच दिवशी साधारण 27,700 रुपयांनी वाढते. हे पैसे आज द्यायचे नसतात, पण देणं आजच तयार होतं. जुन्या माणसाला प्रमोशन देऊ नका असं मी म्हणत नाही. द्या, पण वहीच्या मागच्या पानावर ही रक्कम लिहून ठेवा. तुमच्या सीएला विचारून तुमच्यासाठी नेमका आकडा काढून घ्या.

ऑक्टोबरमधलं स्वस्त प्रमोशन

शेवटचा एक सापळा. बरेच जण म्हणतात, "सर, मी प्रमोशन ऑक्टोबरमध्ये देतो, अर्ध्या वर्षाचाच खर्च येतो." समजा स्टॉक इनचार्जचे 3,000 मी ऑक्टोबरमध्ये दिले असते. मार्चपर्यंत सहा महिन्यांचे 18 हजार. वाटतं, बसलं की! पण पुढच्या वर्षी त्याच प्रमोशनचे तेरा पगार, 39 हजार. पुढचा डबा भरण्याआधीच त्यातले पैसे गेलेले असतील, आणि ते कुठे गेले हे तुम्हाला आठवणारही नाही.

म्हणून डबा नेहमी महिन्याच्या रकमेत ठेवा, वर्षभरात किती खर्च झाला यात नाही. ऑक्टोबरमध्ये दिलं तरी डब्यातून 3,000 च वजा. ते जागेवर नसतील तर ऑक्टोबरमध्येही नाहीत.

आता तुमची वही

या रविवारी एक पान घ्या. वर आजचा महिन्याचा पगार लिहा आणि तुम्ही वर्षाला खरे किती पगार देता ते, 12, 13 की साडेतेरा. त्याखाली तीन वर्षांचा ग्रॉस नफा आणि त्यातला पगाराचा वाटा. मग पुढच्या वर्षीचा सावध अंदाज, आणि डब्याचा एकच आकडा. त्याखाली सक्तीची वाढ, राखीव, आणि खुर्च्या. खाली उरेल तो वाढीचा भाग.

या पानावर एकाही माणसाचं नाव येता कामा नये. नाव आलं की आकडा हलायला लागतो, हा माझा अनुभव.

मग पानावर तारीख घाला, सही करा आणि मार्चपर्यंत ते उघडू नका. त्या ताई आजही बाजारात भेटतात, चौकशी करतात. मागच्या महिन्यात त्यांनी विचारलं, "दादा, आता इनचार्ज कोण आहे तुमच्याकडे?" मी नाव सांगितलं. त्या हसल्या आणि म्हणाल्या, "पगार वाढवूनच केलंत ना?"

हो म्हणता आलं मला या वेळी.